बँडवरचा आकडा आणि मध्यरात्रीची धडधड

“झोपेत माझ्या रक्तातला ऑक्सिजन ८६-८७ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे मनगटावरचा फिटनेस बँड दाखवतो. इशाऱ्याने जाग आली की नाडी १२० च्या पुढे जाते. मला हृदयविकार तर नाही ना?”

हे विचारणाऱ्या बाई चाळिशीतल्या होत्या. दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर यांपैकी त्यांना काहीच होत नव्हते. तरीही निदान हे माझे काम नसल्याने मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. तपासणी आणि ईसीजी ठीक निघाल्यावर आम्ही त्यांच्या रात्रीच्या नोंदी घेऊन बसलो.

ऑक्सिजन मोजताना बँड त्वचेवर लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश वाचतो. पट्टा सैल असला, हात गार पडला किंवा अंगाखाली दाबला गेला, तर तिथला रक्तप्रवाह नीट टिपला जात नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. बाई डाव्या कुशीवर झोपत आणि बँडही डाव्याच मनगटावर असे. तो उजव्या हाताला, मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट पण काचणार नाही असा बांधल्यावर त्या घसरणी दिसेनाशा झाल्या. तशा त्या थांबल्या नसत्या आणि सोबत मोठे घोरणे, दिवसा पेंग येणे असते, तर झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करावी लागली असती.

नाडीचे कारण वेगळे होते. इशाऱ्याने दचकून जाग आली की भीतीने नाडी वाढे, मग बँड त्याचाही इशारा देई, आणि बाई पुन्हा पुन्हा आकडा पाहत बसत. नोंदीत मात्र ती नाडी काही मिनिटांत हळूहळू ८० च्या आसपास उतरलेली दिसत होती. शांत बसलेले असताना नाडी एकदम १५० वर उडून तशीच अचानक खाली येत असेल, किंवा ठोके अनियमित असल्याचा इशारा वारंवार येत असेल, तर ते भीतीवर ढकलू नये, डॉक्टरांना दाखवावे.

रात्रीचे इशारे आम्ही बंद केले. शंका आलीच तर पाच मिनिटे शांत बसून, नेलपॉलिश नसलेल्या ऊबदार बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचायचा, असे ठरले. एरवी निरोगी माणसात तो साधारण ९५ ते १०० असतो. ९३-९४ वरच रेंगाळला तर डॉक्टरांना कळवावे, ९२ किंवा कमी असेल तर त्याच दिवशी दाखवावे आणि ९० च्या खाली राहिला तर लगेच रुग्णालय गाठावे. फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांची मर्यादा मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवलेली असते.

बाईंना मी एक गोष्ट लिहूनच दिली: छातीत दाब, बोलताना धाप, शुद्ध हरपणे, ओठ निळसर होणे किंवा अचानक गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काहीही झाले, तर बँड ९८ दाखवत असला तरी तो पाहत बसू नये, तातडीची मदत बोलवावी.