रायडिंग क्लबच्या मावळत्या अध्यक्षांनी निरोपाच्या भाषणात काय बोलावे?

प्रश्न: नागपूरच्या आमच्या मोटारसायकल क्लबचा मी बरीच वर्षे अध्यक्ष आहे. पुढच्या महिन्यात नव्या अध्यक्षांकडे सूत्रे सोपवताना चार-पाच मिनिटे बोलायचे आहे. काय बोलावे?

उत्तर:

अशाच एका क्लबची जबाबदारी मी काही वर्षांपूर्वी सोपवली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आभार आणि आठवणी थोडक्यात घ्याव्यात आणि उरलेला वेळ एकाच गोष्टीला द्यावा: राइड थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार आजपासून कोणाचा, हे तुमच्या तोंडून सर्वांनी ऐकले पाहिजे.

एक उदाहरण घ्या. जुलैमध्ये तुमचा गट सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या मार्गाने पचमढीला निघाला आहे. सिल्लेवानीचा घाट पावसात पार झाला, पण छिंदवाड्यात पोहोचेपर्यंत पावसाचा जोर वाढला आणि नव्या अध्यक्षांनी परत फिरायचे ठरवले. अशा वेळी दोन-चार जुने सदस्य सवयीने तुमच्याकडे वळून विचारतील, ‘दादा, तुम्हाला काय वाटते?’ तुम्ही सहज ‘तामियापर्यंत पाहू या’ म्हणालात, तर तेवढ्यावरच गट फुटतो.

हे फुटणे मानापमानापुरते राहत नाही. आपल्या पद्धतीत सर्वांत पुढे लीड आणि सर्वांत मागे स्वीप असतो, आणि प्रत्येक वळणावर लीडच्या मागचा रायडर थांबून स्वीप दिसेपर्यंत बाकीच्यांना वाट दाखवतो. स्वीप आला की आपल्या पुढे सगळे गेले, एवढ्याच विश्वासावर तो जागा सोडतो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगी नसल्यामुळे पश्चिमेकडच्या आपल्या लांबच्या राइडही गावागावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्यांनीच होतात, म्हणून वळणावरचा हा माणूस आपल्याकडे फारच महत्त्वाचा आहे. गटाचे दोन भाग झाले की एका भागाला स्वीपच उरत नाही. वळणावरचा रायडर पावसात उभा राहतो आणि मागे कोणी घसरून पडला तर पुढच्यांना ते बराच वेळ कळत नाही. निर्णय देणारा एकच असावा, तो यासाठी.

म्हणून भाषणाचा गाभा साधारण असा ठेवावा:

‘मित्रांनो, इतकी वर्षे पहाटे झिरो माइलजवळ जमल्यावर तुम्ही माझ्या शब्दावर गाडी सुरू केली आणि माझ्या शब्दावर बंदही केली. हेल्मेटविना आलेल्याला मी परत पाठवले, टायर गुळगुळीत झालेली गाडी राइडला येऊ दिली नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारची राइड मागणाऱ्यांना नकार दिला. तुमच्यापैकी काही जण तेव्हा नाराज झाले, तरी पुढच्या रविवारी पुन्हा आले, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आपल्या स्वीप रायडर्सचे मी विशेष आभार मानतो. पोहोचल्याचा फोटो निघेपर्यंत ते बहुतेक वेळा मागे कोणाच्या तरी पंक्चरपाशीच थांबलेले असत. घरून निश्चिंत मनाने पाठवणाऱ्या तुमच्या कुटुंबीयांचेही आभार. आजपासून राइड काढणे, थांबवणे आणि रद्द करणे हा अधिकार नव्या अध्यक्षांचा आहे. रस्त्यात तुम्ही मला विचारलेत, तर त्यांनी जे सांगितले तेच मी सांगेन. माझे मत वेगळे असलेच, तर ते घरी पोहोचल्यावर मी त्यांनाच सांगेन. पुढच्या राइडला मी त्यांच्या सूचनेनुसार रांगेत असेन.’

यातली उदाहरणे तुमच्या क्लबची घाला. विशेषतः नकाराचे प्रसंग घाला, कारण नव्या अध्यक्षांना सर्वांत अवघड तेच जाणार आहे. मात्र ज्याला परत पाठवले त्याचे नाव घेऊ नका. अपघाताचा उल्लेख करावा वाटला, तर संबंधित सदस्याला आणि त्याच्या घरच्यांना आधी विचारा. ‘मी नेहमीच मार्गदर्शनाला उपलब्ध आहे’ हे वाक्य मी तरी टाळेन. भावना चांगली असली तरी जुन्या सदस्यांना त्यातून तुमच्याकडे दाद मागण्याची वाट मिळते.

भाषण राइड संपल्यावर ठेवण्याऐवजी सुटण्यापूर्वीच्या सूचनांच्या वेळी करावे, असे मला वाटते. तुमचे बोलणे संपताच नव्या अध्यक्षांनी मार्ग, थांबे आणि दोन गाड्यांमधले अंतर सांगावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाला दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ४० मीटर होतात, आणि ओल्या रस्त्यावर ते दुप्पट ठेवायचे, ही रोजची सूचनाही त्या दिवशी तुम्ही देऊ नका. ती त्यांच्या आवाजात जाऊ द्या.

बँकेतल्या सह्या, व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद आणि आपत्कालीन संपर्कांची वही यांचा भाषणात उल्लेख नको. तो व्यवहार आधीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत उरका. तुमचा क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर पदाधिकारी बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो, तेवढे सचिवांना त्याच बैठकीत सांगून ठेवा.