फुलीगोळा: बरोबरी का सुटत नाही?

एका क्लासमध्ये फुलीगोळ्यात दुसऱ्याने खेळून हमखास जिंकायची ट्रिक शिकवतात. मुलाला घालू का? (कोथरूड)

नको. अशी ट्रिक असूच शकत नाही. असती, तर पहिल्याने एक फुली कुठेतरी टाकून दिली असती आणि पुढे स्वतःच दुसरा असल्यासारखा तीच ट्रिक वापरली असती. हातात एक फुली जास्त असल्याने या खेळात कधीच तोटा होत नाही. मग दोघंही हमखास जिंकणार का? मुलाला खरंच गोडी असेल तर शाळेतल्या गणिताच्या बाईंना भेटा.

समोरच्याने पहिली फुली कोपऱ्यात टाकली की मी हरतेच. काय करू? (सदाशिव पेठ)

गोळा मधल्या घरात. दुसरीकडे कुठेही टाकलात तर जाणता खेळाडू जिंकतो.

आता पुढचा सापळा. तो समोरासमोरचा दुसरा कोपरा धरेल. तुम्ही तिसरा कोपरा घेतलात की त्याला तुमची तिरकी रांग अडवायला चौथा कोपरा घ्यावाच लागतो, आणि तिथे बसताच त्याच्या एक आडवी आणि एक उभी अशा दोन रांगा एकदम एका घरावर येतात. तुम्ही एकच अडवणार. म्हणून तिथे कोपरा नको, कडेचं मधलं घर घ्या. त्याला लगेच अडवावं लागतं, त्यातून त्याची रांग तयार होते, ती तुम्ही अडवता, आणि असं एकमेकांना अडवत पट भरतो. वहीवर दोन-चार वेळा मांडून घरातल्या कोणाकडून तपासून घ्या.

सोसायटीच्या गणपतीत बरोबरी टाळायला आम्ही पाच बाय पाचचा पट आणि पाचची रांग ठेवली. तरी सगळे डाव बरोबरीत! बक्षीस कोणाला द्यायचं? (हडपसर)

'पट मोठा केला की बरोबरी सुटते' हे दर गणेशोत्सवात कोणीतरी कोणाकडून तरी ऐकतं, आणि पट रंगवून झाल्यावर मला विचारतं. आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. नुसता पट मोठा करून भागत नाही. रांग पटापेक्षा लहान हवी. तुमच्या पटावर पाचाच्या बारा रांगा होतात: पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरक्या. आता हे पाहा:

```
११  १  ८  १ १२
 ६  २  २  ९ १०
 ३  ७  •  ९  ३
 ६  ७  ४  ४ १०
१२  ५  ८  ५ ११
```

प्रत्येक आकडा दोनदा आहे आणि प्रत्येक रांगेत तिची स्वतःची एक जोडी आहे. समोरच्याने सातवर फुली टाकली की तुम्ही दुसऱ्या सातवर गोळा टाकायचा. त्याने मधलं घर घेतलं, किंवा जोडीदार घर आधीच तुमचं असलं, तर कुठेही टाका. त्याची एकही रांग कधीच पुरी होणार नाही. म्हणजे नवखासुद्धा हा कागद समोर ठेवून बरोबरी साधतो. तीन बाय तीनवर हे जमत नाही, कारण तिथे आठ रांगांना सोळा घरं लागतील आणि आहेत नऊच. तिथली बरोबरी खेळी पाहून अडवण्यातून येते.

उलट चार बाय चारवर तीनचीच रांग ठेवा. पहिला दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात फुली टाकतो. गोळा त्या ओळीत आला नाही, तर शेजारच्या तिसऱ्या घरात दुसरी फुली. आता दोन्ही टोकं मोकळी, एक अडवलं की दुसरीकडून रांग पुरी. गोळा त्या ओळीत आला, तर हेच उभ्या स्तंभात. तीन फुल्यांत डाव संपला! तीन बाय तीनवर तीनची रांग पटाच्या कडेला भिडते, त्यामुळे दोन फुल्यांना दोन्ही टोकं मोकळी मिळतच नाहीत. सगळा फरक तेवढ्या एका जास्तीच्या घराचा आहे.

पण मग पहिलाच कायम जिंकणार! पंधरा बाय पंधरावर पाचची रांग म्हणजे गोमोकू. तिथेही पहिला जिंकतो, हे व्हिक्टर आलिस यांनी १९९४ मध्ये संगणकाने दाखवलं. मात्र ती वाट माणसाला पाठ होणारी नाही, म्हणून स्पर्धेला हा खेळ चालेल. सहाची रांग धरायची की नाही, हे मात्र पंचांशी आधी बोलून लिहून ठेवा. रेंजू या प्रकारात तर पहिल्यावर मुद्दाम बंधनं आहेत. दोन्ही टोकं मोकळ्या असलेल्या तीनच्या दोन रांगा एकाच खेळीत करायला त्याला मनाई आहे.

यंदाचं बक्षीस? कमिटीला विचारा. मी त्यात पडत नाही.

उभ्या जाळीत चकत्या टाकून चारची रांग करायचा खेळ घेतला. दुकानदार म्हणाला, दोघांना सारखीच संधी. खरं का? (तुळशीबागेजवळून)

नाही. सात स्तंभ, सहा ओळींच्या जाळीत पहिल्याने मधल्या स्तंभात सुरुवात केली आणि पुढे चुकला नाही तर तो जिंकतो. १९८८ मध्ये जेम्स अॅलन आणि आलिस यांनी स्वतंत्रपणे हे सिद्ध केलं. मधल्याच्या लगतच्या स्तंभात सुरुवात केली तर बरोबरी, त्याहून बाहेर गेलात तर उलट दुसरा जिंकतो. जाळी वेगळ्या मापाची असेल तर घरं मोजून मला कळवा, मगच सांगेन.