बाग नको, दादाकडे महिन्याचे पैसे मागा

प्रश्न: मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहतो, दादा डोंबिवलीला. बाबा ७८ वर्षांचे, आई ७३. दीड वर्षापूर्वी बाबांना पक्षाघात झाला. दिवसाच्या मावशी, औषधं, डायपर, फिजिओ, किराणा मिळून महिन्याला २३,००० लागतात. बागेचा करार आणि बाबांच्या ठेवीचं व्याज मिळून ८,००० येतात, बाकी १५,००० माझे. रात्री बाबांजवळ मीच असतो. दादाकडे मागायला जीभ रेटत नाही. बायको म्हणते, त्यापेक्षा बाग आपल्या नावावर करून घ्या. काय करू?

उत्तर: पैसे मागा. बागेला हात लावू नका.

बाग नावावर झाली तरी महिन्याचे १५,००० तुमच्याच खिशातून जाणार. व्यापारी कराराचे पैसे वर्षातून एकदा देतो आणि ते आजही घरातच येतात. शिवाय बाग वडिलोपार्जित असेल तर बाबा एकट्याने ती तुम्हाला देऊ शकत नाहीत, दादाचाही त्यात हक्क आहे. बाबांनी स्वतः घेतलेली असली, तरी पक्षाघातानंतर उठवलेल्या अंगठ्यावर उद्या कोर्टात शंका घेता येते. सातबारा ऑनलाइन दिसतो, त्यामुळे दादाला कळायला एक मिनिट पुरे. त्या दिवसापासून तो म्हणेल, बाग घेतलीस ना, आता तूच बघ. आणि वर्षाचं ते एक उत्पन्न आईच्या हातातून जाईल ते वेगळंच.

आता मागायचे किती? बहुतेक जण १५,००० चे दोन भाग करून ७,५०० मागतात. मला ते चुकीचं वाटतं, कारण त्यात तुमच्या रात्री फुकट धरल्या जातात. बाबांना कुशीवर वळवणं, पहाटे डायपर बदलणं, हे करायला माणूस ठेवला तर तुमच्या भागात तो किती घेईल, हे मावशींनाच विचारा. समजा १०,००० घेईल. म्हणजे खरी तूट २५,००० ची आहे आणि प्रत्येकाचा वाटा १२,५००. तुमच्या वाट्यातले १०,००० रात्रीच्या कामातून फिटतात, रोख २,५०० उरतात. दादाचे १२,५०० रोख.

हा आकडा त्याला मोठा वाटेल. त्याच्या घराचा हप्ता, मुलांची फी तुम्हाला ठाऊक आहे. तो ८,०००च देऊ शकत असेल तर ते घ्या, आणि उरलेलं दिवसांत मागा: गणपतीत दहा दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस बाबांच्या रात्री त्याच्या. चाकरमानी म्हणून येऊन पाहुण्यासारखं राहणं नाही, बाबांच्या खोलीत झोपायचं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायच्या तारखा ठरवणं, कागदपत्रं करणं हेही तो तिथून फोनवर करू शकतो. त्यातलं पहिलं काम आई-बाबांची सत्तरीपुढची आयुष्मान कार्डं. मात्र दोघांना मिळून वर्षाला ५ लाखांचं ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे. मावशींचा पगार आणि डायपर त्यात बसत नाहीत, म्हणून महिन्याची तूट तशीच राहते.

बोलण्याआधी तीन महिन्यांचा खर्च वहीत लिहा, मेडिकलची बिलं टाचून ठेवा. गणपतीत सगळे जमतात तेव्हा विषय काढू नका, वहिनी आणि भावकीसमोर दादाला नाही म्हणणं सोपं आणि हो म्हणणं अपमानाचं होतं. रविवारी सकाळी फोन करा आणि वहीच्या पानाचा फोटो आधी पाठवा. मागच्या दीड वर्षाचे पैसे या बोलण्यात काढू नका. ती रक्कम पावणेतीन लाखांच्या घरात जाते आणि ती ऐकली की माणूस पुढच्या महिन्याबद्दल बोलतच नाही.

पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका. आई आणि तुमचं संयुक्त खातं उघडा, दादाची रक्कम दर ५ तारखेला आपोआप तिथे यावी, बागेचे पैसे आणि व्याजही तिथेच. खर्च त्याच खात्यातून करा आणि पासबुकाचा फोटो महिन्याला पाठवा. दादा जुन्या करप्रणालीत असेल आणि बाबांचा आरोग्य विमा नसेल, तर औषधांची बिलं त्याने स्वतः ऑनलाइन भरावीत. ज्येष्ठ पालकांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण रोखीने भरलेल्या बिलांवर नाही.

तरीही तो नाहीच म्हणाला, तर २००७च्या कायद्याने आई-बाबा प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात. त्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० मिळू शकतात. पण सही आईला मोठ्या मुलाविरुद्ध करावी लागेल, त्यामुळे फोननंतर लगेच तिकडे वळू नका. दादाला दोन महिने द्या.