पिवळा त्रिकोण लागलाय, मेसेज मात्र निघून गेला

प्रश्न: गाडीच्या मीटरवर त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागलाय. स्क्रीनवर मेसेज आला आणि वाचेपर्यंत गेला. गाडी नीट चालतेय. तो मेसेज परत कसा वाचायचा, आणि गाडी चालवू का?

मेसेज पुसला गेलेला नाही, तो गाडीच्या स्क्रीनमध्येच आहे. या दिव्याला मास्टर वॉर्निंग म्हणतात. स्वतःहून तो कुठलाच बिघाड सांगत नाही, "स्क्रीनवर काहीतरी लिहिलंय, ते वाच" एवढंच सांगतो. म्हणून नुसता दिव्याचा फोटो मेकॅनिकला पाठवून काही कळत नाही, मेसेजचा फोटो लागतो.

आधी दिवा तोच आहे ना, हे बघा. नुसता त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह असेल तर मास्टर वॉर्निंग. उद्गारचिन्ह टायरच्या आकारात, म्हणजे खाली बंद आणि वर उघड्या नालेसारख्या चित्रात असेल तर हवा कमी आहे. वर्तुळात असेल आणि लाल असेल तर ब्रेक. त्रिकोणाभोवती गोल फिरणारा बाण असेल तर ती गाडी घसरू न देणारी यंत्रणा. हे चारही दिवे घाईत सारखेच दिसतात.

आता मेसेज. गाडी कडेला थांबवा, इंजिन किंवा इग्निशन चालू ठेवा. ह्युंदाई आणि कियाच्या बहुतेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगवर एकावर एक पानं असल्यासारखं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबत गेलात की ट्रिप, ड्रायव्हिंग असिस्ट, सेटिंग्ज असे भाग एकामागून एक येतात. इशारा बाकी असेल तेव्हा त्यांतच त्रिकोणाचा एक जादा भाग दिसतो. तिथे वर-खाली बटणांनी सगळे मेसेज वाचता येतात. टोयोटातही मेसेज मीटरमधल्या स्क्रीनवरच येतो, स्टिअरिंगवरच्या बाणांनी तिथे पोहोचता येतं. इतर गाड्यांत बटणांची नावं वेगळी असतील; गाडीसोबतच्या पुस्तकात "Master warning" शोधा.

"सगळे मेसेज" असं मुद्दाम म्हणालो, कारण मी इथेच फसलो होतो. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात माझ्या गाडीत हा त्रिकोण लागला. मेसेजमध्ये `Radar blocked` असं होतं. पुढच्या बंपरच्या खालच्या भागात एक गुळगुळीत सपाट झाकण असतं, त्यामागे रडार बसवलेला असतो. पुढच्या ट्रकने उडवलेल्या चिखलाने ते पूर्ण माखलं होतं. मोकळी जागा बघून थांबलो, ओल्या फडक्याने पुसलं आणि गाडी बंद करून परत सुरू केली. मेसेज गेला, त्रिकोण मात्र तसाच. वाटलं, रडारच बिघडला. घरी येऊन त्रिकोणाचा भाग उघडला तर तिथे दुसरा मेसेज होता: `Service required`. सर्व्हिस दोन आठवड्यांपूर्वीच झाली होती, फक्त गॅरेजने सर्व्हिसचा काउंटर शून्यावर आणला नव्हता. सेटिंग्जमध्ये सर्व्हिस इंटरव्हल उघडून तो रीसेट केला आणि दिवा विझला. त्रिकोण एकच असतो, मेसेज कितीही असू शकतात, आणि शेवटचा सुटेपर्यंत तो जात नाही.

वाचताना शब्दांकडे नीट लक्ष द्या. `blocked` किंवा `obscured` म्हणजे सेन्सर किंवा कॅमेरा झाकला गेलाय, तो बहुधा आपल्यालाच पुसता येतो. मेसेज `Check` ने सुरू होत असेल तर गाडीला त्या यंत्रणेतच बिघाड वाटतोय. पुसूनही, दोन-तीनदा बंद-चालू करूनही तो आला तर सर्व्हिस सेंटरला न्यावी लागेल. बाजारात मिळणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर इथे फारसा कामाचा नाही. तो मुख्यतः इंजिनचे कोड वाचतो, त्यामुळे त्यात "सगळं ठीक" दिसलं तरी त्रिकोण लागलेला राहू शकतो.

गाडी चालवू का, याचं उत्तर मेसेजवर आहे. रडार झाकला असेल तर गाडी चालते, पण आपोआप ब्रेक लावणारी मदत मिळणार नाही हे धरून अंतर जास्त ठेवा. हवा कमी असेल तर सावकाश जवळच्या पंपापर्यंत जा आणि चारही टायर तपासा. मात्र त्रिकोणाबरोबर ब्रेकचा, तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल, तर मेसेज शोधत बसू नका. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा आणि मदत बोलवा.

परत लागला तर शेजारी बसलेल्याला लगेच मोबाईलवर फोटो काढायला सांगा. तो मेसेज इथे लिहिलात तर पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.