गेममधला व्हॉईस चॅट आणि फ्रेंड लिस्ट म्हणजे काय?

प्रश्न: धाकटा रात्री मोबाईलवर कुणाशी बोलतो? म्हणतो फ्रेंड लिस्टमधले आहेत, म्हणजे नक्की कोण?

उत्तर: बाबा, तो बीजीएमआय नावाचा लढाईचा मोबाईल गेम खेळतो, त्यात चौघांची टीम असते आणि माईक चालू केला की चौघं एकमेकांशी लाईव्ह बोलतात, फोनच्या कॉन्फरन्स कॉलसारखं. सेटिंग Team वर असेल तर फक्त टीमला ऐकू जातं, All वर असेल तर गेममध्ये जवळ असलेल्या अनोळखी प्लेअरलाही, आणि घरातलं बोलणंसुद्धा जातं हं. फ्रेंड लिस्ट म्हणजे ओळखीचेच असं नाही, एखाद्या मॅचमध्ये भेटलेल्याची रिक्वेस्ट घेतली की तोही लिस्टमध्ये, मग आपला धाकटा ऑनलाईन आलेला त्याला दिसतो, मेसेज करता येतो, खेळायला बोलावता येतं. मी रविवारी त्याच्यासोबत बसून एकेक नाव विचारतो, शाळेतले ठेवू, बाकीचे काढू.