चिठ्ठीतल्या "जबाबदारी माझी" या दोन शब्दांचं काय करायचं?

प्रश्न: वकीलसाहेब, मी पिंपरी-चिंचवडला एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. सेंट्रिंगच्या ठेकेदाराने 18 मजुरांची वीस दिवसांची मजुरी थकवली आहे. तो म्हणतो, 4,000 चौरस फुटांच्या बिलावर सही करा, मग देतो. स्लॅब प्रत्यक्षात 3,400 चौरस फूट झालाय. मालक म्हणतात, पुढचा स्लॅब पडेपर्यंत कुणाला दमडी नाही. मजुरांनी काम थांबवलं तेव्हा मी मुकादमाला चिठ्ठी दिली, "शनिवारी पैसे मिळतील, जबाबदारी माझी." शनिवार उलटला. आता?

उत्तर: चिठ्ठीचं आधी बघू. करार कायद्याच्या कलम 126 नुसार दुसऱ्याचं देणं आपण भागवू अशी हमी तोंडीसुद्धा देता येते, तुम्ही तर लिहून दिलीत. तिच्या भरवशावर मजूर कामावर परतले असतील तर ती तुमच्या अंगावर येऊ शकते. ती परत मागू नका, फाडू तर नकाच. आजच मुकादमाला लेखी कळवा की तुम्ही कंपनीच्या वतीने बोलला होतात, आणि त्याची प्रत मालकांना पाठवा. याने हमी पुसली जात नाही, पण तुमचा बचाव उभा राहतो.

वाढीव 600 फुटांवर सही करू नका. फसवणुकीच्या हेतूने हिशेबात खोटी नोंद करणाऱ्या नोकराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 344 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे ठेकेदार तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

मालकांचं "दमडी नाही" मात्र कायद्यात बसत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्या कलम 43 प्रमाणे मजुरी आधी ठेकेदाराने द्यायची, त्याने दिली नाही तर आस्थापनेच्या मालकाने. तुम्ही पगारी नोकर, त्या साखळीत तुम्ही येत नाही (चिठ्ठी सोडून). मजूर तीन वर्षांच्या आत दावा करू शकतात, आणि थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. मालकांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा.

आता तुम्ही पाठवलेला हिशेब. 3,400 फूट, दर 200 रुपये, म्हणजे 6,80,000. उचल 4,00,000 आणि राखीव पाच टक्के, 34,000 वजा जाता ठेकेदाराचे 2,46,000 निघतात. हजेरी वहीप्रमाणे मजुरांचे, त्यांची उचल वळती करून, 2,24,000. म्हणजे मालकांच्या खिशातून जादा काही जात नाही! ठेकेदाराचेच पैसे त्याच्या मजुरांकडे वळवायचे आहेत.

खऱ्या मोजमापाचं बिल आजच सही करून मालकांना ईमेलने द्या. ठेकेदाराला तीन दिवसांत मजुरी द्यायची लेखी नोटीस मालकांच्या सहीने जाऊ द्या, तुमच्या नव्हे. त्याने दिले नाहीत तर मालकांनी प्रत्येकाच्या बँक खात्यात थेट भरावेत आणि बिलातून कापावेत. रोख वाटप तुमच्या हातून नको. त्याआधी हजेरी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. वही ठेकेदाराकडे असते, आणि भांडण पेटलं की पहिली तीच गायब होते.