स्लाइडवरचे अक्षर आणि स्लाइडवरची शांतता

प्रश्न : मी पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडवर आवाज रेकॉर्ड करून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओ करतो. अक्षरे दिसत नाहीत आणि वेग झेपत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. हळू बोललो तर कंटाळतात. काय बदलावे?

बोलण्याचा वेग बदलू नका. नेहमीसारखे बोला आणि जिथे विद्यार्थ्याला काही वाचायचे किंवा सोडवायचे आहे तिथे पूर्ण थांबा. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 साली edX वरील व्हिडिओंचा अभ्यास केला, तेव्हा वेगाने बोलणाऱ्या शिक्षकांचे व्हिडिओ अधिक पाहिले गेल्याचे आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नसल्याचे त्यांना आढळले. संथ बोलल्याने ऐकणाऱ्याला विचाराला वेळ मिळत नाही, वाक्य फक्त लांबते.

अक्षरांचा प्रश्न मोजून सुटतो. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड 19.05 सेंटिमीटर उंच असते, तर आडव्या धरलेल्या फोनच्या पडद्याची उंची साधारण पावणेसात सेंटिमीटर भरते. म्हणजे सगळे सुमारे 2.8 पटींनी आक्रसते आणि लॅपटॉपवर ऐसपैस वाटणारे 18 पॉइंटचे अक्षर फोनवर साडेसहा पॉइंटचे होते, जे औषधाच्या वेष्टनावरील मजकुराइतके बारीक आहे. 28 पॉइंट घेतल्यास ते फोनवर 10 पॉइंटचे दिसते, म्हणून आलेखाच्या अक्षांवरील आकड्यांसह कोणतेही अक्षर मी त्याहून लहान ठेवत नाही. स्लाइडची खालची पट्टीही मोकळी सोडावी, कारण तिथे उपशीर्षके आणि व्हिडिओची बटणे येतात.

एवढे मोठे अक्षर घेतले की जुना मजकूर एका स्लाइडवर मावत नाही, आणि ते चांगलेच आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. बेजच्या प्रमेयावरील माझ्या पहिल्या व्हिडिओत एकाच स्लाइडवर व्याख्या, सूत्र आणि उदाहरण अशा नऊ ओळी होत्या आणि मी त्या वाचून दाखवत होते. विद्यार्थी माझ्या आधीच शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत, मग मागे येत, आणि या धावपळीत वाचणे व ऐकणे दोन्ही अर्धवट राही.

आता त्याच नऊ ओळींच्या पाच स्लाइड आहेत. पहिलीवर फक्त ‘1000 माणसे, 10 आजारी’ एवढेच लिहिले आहे. दुसरीवर त्याच जागी तेच शब्द फिकट होतात आणि खाली ‘आजाऱ्यांपैकी 9 जणांची चाचणी होकारार्थी’ हे ठळक येते. तिसरीवर ‘निरोगी 990 पैकी 99 जणांचीही होकारार्थी’ ही ओळ येते. चौथीवर प्रश्न : ‘चाचणी होकारार्थी आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? थांबा, काढून पाहा.’ पाचवीवर 9 भागिले 108, म्हणजे सुमारे 8.3 टक्के. सूत्र त्यानंतरच्या व्हिडिओत येते, कारण 108 हा छेद कुठून आला हे एकदा हाताने काढले की सूत्राचा छेद वेगळा समजावावा लागत नाही.

हे टप्पे ॲनिमेशनने न दाखवता Ctrl+D ने स्लाइडची प्रत काढून तीत बदल करा. पॉवरपॉइंट आवाज प्रत्येक स्लाइडला स्वतंत्रपणे जोडते, त्यामुळे एक वाक्य चुकले तर तेवढीच छोटी स्लाइड पुन्हा रेकॉर्ड करावी लागते. पाच टप्पे एकाच स्लाइडवर असले की सगळेच पुन्हा बोलावे लागते. स्लाइड बदलत असताना आवाज रेकॉर्ड होत नाही, हेही ध्यानात ठेवा. बोलता बोलता पुढे गेलात तर शब्दाचा शेंडा कापला जातो, म्हणून वाक्य संपवून क्षणभर थांबा आणि संक्रमणाचा परिणाम काढून टाका.

चौथ्या स्लाइडवर आवाज नाहीच. Transitions मधील After समोर मी 00:20.00 लिहिले आहे, त्यामुळे वीस सेकंद कमी वाटले तर काहीही रेकॉर्ड न करता तीस करता येतात. ‘थांबा’ हा शब्द मात्र पडद्यावर हवाच, नाहीतर आवाज बंद पडला असे समजून विद्यार्थी व्हिडिओ पुढे ढकलतात. निर्यात करताना Use Recorded Timings and Narrations निवडले नाही, तर ही वेळ आणि आवाज दोन्ही व्हिडिओत येत नाहीत.

व्हिडिओ चढवल्यावर कोणता भाग पुन्हा पुन्हा पाहिला गेला, याचा आलेख पाहा. एखाद्या स्लाइडच्या सुरुवातीलाच उंचवटा दिसला, तर बहुतेकदा तिच्या आधीच्या स्लाइडवर वाचायला वेळ कमी पडलेला असतो. तिथे तीन-चार सेकंद वाढवून मी पुन्हा निर्यात करते.